डोकं दुखतंय, पण सुरू कसं झालं?

नागपुरात डोकं दुखण्याला कारणं आधीच ठरलेली असतात. मे महिन्यात डोकं धरलं की ऊन लागलं. श्रावणात दुखलं की उपासाचं पित्त. दिवाळीच्या तोंडावर दुखलं की धुळीनं सर्दी भरली. उपायही ठरलेले आहेत. कैरीचं पन्हं, सुंठेचा लेप, कपाळाला बाम, डोक्यावर घट्ट बांधलेला दुपट्टा, आणि तरीही उतरलं नाही तर मीठ-मिरची ओवाळून काढलेली दृष्ट. बहुतेक वेळा हे उपाय पुरतात, कारण बहुतेक डोकेदुखी मुळात निरुपद्रवीच असते. आधी पुष्कळदा खरं ठरलेलं कारण पुढच्या वेळीही पटकन सुचतं, आणि एखाद्या वेळी तेच घात करतं.

हा लेख त्या एका वेळेबद्दल आहे. मेंदूभोवतीची रक्तवाहिनी फुटते तेव्हा होणारी डोकेदुखी ओळखता येते. त्यासाठी यंत्र लागत नाही, फक्त एक प्रश्न योग्य रीतीनं विचारावा लागतो. आपण सहसा विचारतो, “किती दुखतंय?” विचारायला हवं ते हे: “शून्यापासून सगळ्यात जास्त दुखेपर्यंत किती वेळ गेला?”

दहा वाजून वीस मिनिटं

पुढची घटना कुणा एका व्यक्तीची नाही. या आजारात जे घडतं तेच एका घरात बसवून सांगतो आहे.

मानेवाड्यातलं घर, दिवाळीच्या आधीचा रविवार. घरातल्या वहिनींचं वय शेहेचाळीस. रक्तदाबाची गोळी आहे, पण बरं वाटतं म्हणून दोन महिन्यांपासून बंद. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी त्या स्टुलावर चढून माळ्यावरची पितळी भांड्यांची पेटी ओढतात, आणि त्याच क्षणी डोक्याच्या मागच्या बाजूला कुणीतरी फटका मारावा तशी कळ येते. त्या वळून पाहतात, मागे कुणी नसतं. कशाबशा खाली उतरतात, पलंगावर बसतात आणि दोनदा ओकतात.

“डोकं लय दुखून राहिलं,” एवढंच त्या म्हणतात.

सासूबाई म्हणतात, सकाळपासून पोटात काही नाही, पित्त झालं. नवरा बाम आणतो. जाऊबाई दृष्ट काढतात. अकरा वाजता एक वेदनाशामक गोळी दिली जाते आणि बारापर्यंत दुखणं निम्म्यावर येतं. घर सुटकेचा श्वास सोडतं, कारण गोळीनं उतरलं म्हणजे साधंच होतं, असा सगळ्यांचा समज आहे.

तो समज चुकीचा आहे. रक्तस्रावाची वेदनाही गोळीनं, उलटीनं किंवा झोपेनं कमी होऊ शकते. गोळी वेदना दाबते, वाहिनीला पडलेलं छिद्र बुजवत नाही. म्हणून गोळी लागू पडली यावरून आजार कोणता ते ठरत नाही. डॉक्टरही तसं ठरवत नाहीत.

आत काय घडलं

मेंदूच्या तळाशी मोठ्या रोहिण्यांचं एक कडं असतं. त्या रोहिण्यांना जिथे फाटे फुटतात, तिथे रक्ताचा दाब सतत एकाच जागी आदळतो. काही लोकांत तिथली भिंत वर्षानुवर्षं पातळ होत जाते आणि बोराएवढा किंवा त्याहून लहान फुगा तयार होतो. त्याला ॲन्युरिझम म्हणतात. मोठ्या माणसांपैकी सुमारे तीन टक्क्यांच्या डोक्यात असा फुगा असतो. बहुतेकांना तो आयुष्यभर कळत नाही, कारण न फुटलेला फुगा सहसा दुखत नाही. धूम्रपान आणि आटोक्यात न ठेवलेला रक्तदाब यांमुळे तो फुटण्याचा धोका वाढतो. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार जास्त दिसतो, आणि सख्ख्या नात्यात कुणाला झाला असेल तर आपलाही धोका जास्त असतो.

फुगा फुटला की रोहिणीतलं रक्त मेंदूभोवतीच्या पाण्यात शिरतं. डोक्याच्या कवटीला फुगायला जागा नाही. दाब काही सेकंदांत चढतो, म्हणून वेदनाही काही सेकंदांत शिखर गाठते. वैद्यकशास्त्रानं याच गुणावरून या डोकेदुखीची व्याख्या केली आहे: एका मिनिटाच्या आत सर्वोच्च तीव्रतेला पोहोचणारी आणि किमान पाच मिनिटं टिकणारी. मायग्रेनला चढायला सहसा अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. उन्हाची डोकेदुखी तहान, थकवा, गरगरणं यांच्या मागून हळूहळू येते आणि सावलीत पडून पाणी प्यायलं की काही तासांत उतरते. कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं ताणाचं दुखणं दिवसभर कुरकुरत राहतं. यांपैकी कोणतंही दुखणं असह्य होऊ शकतं. पण त्यातलं कोणतंही सहसा विजेसारखं कोसळत नाही.

अशा कोसळणाऱ्या डोकेदुखीच्या सगळ्याच रुग्णांत रक्तस्राव निघत नाही. तपासणीअंती साधारण दहातल्या एकाला तो सापडतो, उरलेल्या बऱ्याच जणांना धोका नसल्याचं कळून घरी पाठवलं जातं. पण तो दहातला एक कोण, हे घरात बसून कुणालाही सांगता येत नाही.

मान, पापणी आणि लाज

वहिनींच्या घरात दुपारी एक शहाणा शेजारी येतो. तो त्यांना हनुवटी छातीला लावायला सांगतो. हनुवटी लागते. “मान मोकळी आहे, काळजी नाही,” तो म्हणतो.

मान आखडणं ही खरी खूण आहे, पण ती उशिरा येते. पाण्यात मिसळलेलं रक्त मेंदूच्या आवरणाला डिवचतं आणि मग मानेचे स्नायू ताठ होतात. या सगळ्याला काही तास लागतात. मान आखडली असेल तर धोका आहे, हे खरं. पहिल्या दोन तासांत ती आखडली नाही म्हणून धोका नाही, असं मात्र म्हणता येत नाही.

दुसरी खूण डोळ्यात दिसते. एका डोळ्याची पापणी खाली ओघळते, त्याच डोळ्याची बाहुली मोठी होते, एकाच्या दोन वस्तू दिसतात. फुगा डोळा हलवणाऱ्या नसेवर दाबला गेला की असं होतं, कधीकधी तो फुटण्याच्या आधीच. डोकेदुखीबरोबर अशी नवी ओघळलेली पापणी दिसली तर दुसऱ्या कशाची वाट पाहू नये.

तिसरी गोष्ट लोक लाजेपोटी सांगत नाहीत. अशी डोकेदुखी पुष्कळदा जोर लावताना सुरू होते. कधी वजन उचलताना, कधी खोकताना, कधी शौचाला कुंथताना, कधी शरीरसंबंधाच्या वेळी. शेवटच्या दोन्ही प्रसंगी रुग्ण डॉक्टरांसमोर “असंच बसलो होतो” म्हणतो आणि निदानाचा एक मोठा धागा हरवतो. डॉक्टरांना ही माहिती नवी नसते. ती स्पष्ट सांगावी.

तरुण वयही आडवं येतं. इंग्रज अभिनेत्री एमिलिया क्लार्क हिला 2011 च्या फेब्रुवारीत लंडनच्या व्यायामशाळेत असा झटका आला, तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. डोक्यावर घट्ट रबर आवळल्यासारखं वाटलं, व्यायाम अर्धा सोडून ती स्वच्छतागृहात गेली आणि ओकू लागली. तिथेच कुणीतरी तिला पाहिलं आणि ती रुग्णालयात पोहोचली. उपचारानंतर काही दिवस तिला स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. ती बरी होऊन कामावर परतली आणि 2019 मध्ये तिनं हे सगळं लिहिलं. विशीतल्या मुलीनं व्यायाम करताना डोकं धरलं तर आपल्याकडे “खाल्लं नसशील” असं उत्तर मिळतं. एवढ्यासाठीच ही हकिगत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सहा तासांचं महत्त्व

आता तीच घटना वेगळ्या रीतीनं पाहू. दहा वीसला कळ आली. नवऱ्यानं घड्याळ पाहिलं आणि 108 ला फोन केला. वहिनींना पाणी, चहा, पन्हं काहीच दिलं नाही. उलटी होत असताना किंवा गुंगी येत असताना पाजलेलं श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि पुढे भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं. त्यांना कुशीवर, डोकं थोडं उंच ठेवून निजवलं. डिस्प्रिनसारखी ॲस्पिरिनची गोळी दिली नाही, कारण ॲस्पिरिन रक्त गोठण्यात अडथळा आणतं आणि डोक्यात रक्तस्राव असेल तर ते घातक ठरतं. डोकं चोळलं नाही, चालत जिना उतरवलं नाही.

अकरा वाजता त्या मेडिकलच्या कॅज्युअल्टीत आहेत. नवऱ्यानं “डोकं दुखतंय” एवढंच सांगितलं असतं तर त्या रविवारच्या गर्दीत आणखी एक डोकेदुखी ठरल्या असत्या. त्यानं सांगितलं: “दहा वीसला, पेटी ओढताना, एका क्षणात सुरू झालं. असं आधी कधीच झालं नाही. दोन उलट्या झाल्या. बीपीची गोळी दोन महिन्यांपासून बंद आहे.” या चार वाक्यांत डॉक्टरांना हवं ते सगळं आहे. कॅनडातल्या डॉक्टरांनी हजारो रुग्ण पाहून तयार केलेला आणि जगभर वापरला जाणारा एक नियम आहे, त्याला ओटावा नियम म्हणतात. तासाभरात शिगेला पोहोचलेल्या नव्या, तीव्र डोकेदुखीत पुढच्यांपैकी एकही गोष्ट असेल तर तपासणी केल्याशिवाय रुग्णाला घरी सोडू नये, असं तो सांगतो: वय चाळीस किंवा जास्त, मान दुखणं किंवा आखडणं, मान पुढे न वाकणं, कुणाच्या समोर शुद्ध हरपणं, श्रम करताना सुरुवात, आणि क्षणात शिखर गाठणारी वेदना. वहिनींच्या बाबतीत तीन गोष्टी आहेत.

पुढची पायरी डोक्याचा साधा सीटी स्कॅन. ताजं रक्त त्यात पांढरं दिसतं. मेंदूच्या तळाशी, जिथे एरवी काळं पाणी दिसायला हवं, तिथे चांदणीच्या आकाराचा पांढरा डाग दिसला की निदान झालं. डोकेदुखी सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत, आधुनिक यंत्रावर काढलेला आणि अनुभवी रेडिऑलॉजिस्टनं वाचलेला स्कॅन हा रक्तस्राव जवळजवळ कधीच चुकवत नाही. त्यानंतर दर तासागणिक पाण्यात रक्त पातळ होत जातं आणि डाग फिका पडतो. आठवड्याभरानं जवळपास निम्म्या रुग्णांत तो दिसतही नाही. सकाळी अकराला जे यंत्र ठामपणे उत्तर देतं, तेच पुढच्या रविवारी मोघम बोलतं.

उशीर झाला असेल आणि स्कॅन साफ आला असेल तर पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासतात, किंवा शिरेत औषध सोडून रक्तवाहिन्यांचा स्कॅन करतात. पाण्याच्या तपासणीची आपल्याकडे फार भीती आहे. पाठीतलं पाणी काढलं की माणूस कमरेतून जातो, असं सर्रास म्हटलं जातं. पण सुई टोचतात ती जागा मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली असते. रक्त जुनं झालं की ते पाणी पिवळसर दिसतं, आणि हा पिवळेपणा यायला बारा तासांच्या आसपास लागतात. स्कॅन चुकवतो ते हे पाणी सांगतं. त्यामुळे उशिरा आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी “नको, राहू द्या” म्हणण्याआधी एकदा विचार करावा.

घाई कशासाठी

पहिल्या झटक्यातून वाचलेल्या रुग्णाला सगळ्यात मोठी भीती दुसऱ्या झटक्याची असते. फुटलेल्या फुग्यावर रक्ताची एक कच्ची गुठळी बसते आणि स्राव थांबतो. ती गुठळी सुटली की फुगा पुन्हा फुटतो. हा धोका पहिल्या चोवीस तासांत, त्यातही सुरुवातीच्या काही तासांत सर्वाधिक असतो, आणि दुसरा स्राव पहिल्यापेक्षा जास्त मारक असतो. गोळीनं बरं वाटून वहिनी दुपारी झोपतात ते हेच तास. या आजारात एकूण तिघांपैकी साधारण एक रुग्ण दगावतो.

म्हणून शक्यतो चोवीस तासांत फुगा बंद करतात. दोन वाटा आहेत. एकीत कवटी उघडून फुग्याच्या मानेवर धातूची बारीक क्लिप बसवतात. दुसरीत जांघेतल्या किंवा मनगटातल्या रोहिणीतून केसासारखी नळी मेंदूपर्यंत नेतात आणि फुग्यात प्लॅटिनमच्या मऊ तारेची गुंडाळी भरतात. कोणती वाट घ्यायची ते फुग्याची जागा आणि आकार ठरवतात. त्यानंतरही लढाई संपत नाही. चौथ्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान सांडलेल्या रक्ताच्या चिडीनं आजूबाजूच्या रोहिण्या आखडू शकतात आणि मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तो धोका कमी करण्यासाठी निमोडिपिन नावाचं औषध एकवीस दिवस देतात. शस्त्रक्रिया चांगली झाली, आता घरी न्या, असा हट्ट पाचव्या दिवशी नातेवाइकांनी धरू नये, तो याच कारणानं.

काही रुग्णांना मोठ्या स्रावाच्या आधी काही दिवस किंवा आठवडे एक छोटा झटका येऊन गेलेला असतो. अशीच अचानक, विचित्र डोकेदुखी, जी दिवसभरात निवळते. फुगा थोडासा पाझरून थांबलेला असतो. म्हणून “गेल्या गुरुवारी असं झालं होतं, पण गेलं” हे वाक्य ऐकलं तर दुखणं आज नसलं तरी डॉक्टरांकडे न्यावं.

विदर्भाच्या स्वतःच्या दोन गोष्टी

पहिली सिकलसेलची. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्याच डॉक्टरांनी 1958 मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात केली होती, आणि आजही विदर्भातल्या अनेक घरांत एसएस नमुन्याचे रुग्ण आहेत. या आजारात मेंदूच्या रोहिण्यांची भिंत खराब होते. गाठही होऊ शकते आणि रक्तस्रावही. या रुग्णांना हाडं-सांधे दुखण्याची इतकी सवय असते की डोकं दुखलं तरी घरचे “क्रायसिस आली” म्हणून नेहमीची गोळी आणि पाणी देतात. सिकलसेलच्या रुग्णाची अचानक आलेली डोकेदुखी क्रायसिसमध्ये मोजू नये. आणखी एक बारकावा आहे. रक्तात हिमोग्लोबिन फार कमी असेल तर सांडलेलं रक्तही स्कॅनमध्ये पुरेसं पांढरं दिसत नाही, म्हणून सहा तासांचा भरवसा अशा रुग्णात तितका ठाम राहत नाही. कार्ड सोबत न्यावं आणि सिकलसेल आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावं.

दुसरी गोष्ट महालक्ष्म्यांची. सोवळ्यात अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घरोघरी घेतल्या जातात, पुष्कळदा औषधाच्या दुकानातून थेट. यातल्या नोरेथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकात बदलतो आणि रक्त गोठण्याचा कल वाढतो. त्यात उपास, पाणी कमी, दिवसभर स्वयंपाकघरातली उष्णता. काही बायकांच्या मेंदूतून रक्त बाहेर नेणाऱ्या नीलांत गाठ होते. ही डोकेदुखी कधी एकदम येते, पण बहुधा दोन-चार दिवस चढत जाते, आडवं झालं किंवा खोकलं की वाढते, नजर धूसर होते, मग आकडी येते किंवा एक हात लुळा पडतो. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांतही हाच धोका असतो. तिथे दोष पाठीत दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनला दिला जातो. भुलीमुळे होणारं दुखणं आडवं झालं की कमी होतं. आडवं झाल्यावर वाढलं तर ते दुसरंच काही आहे. नीलेतली गाठ साध्या स्कॅनमध्ये सुटू शकते, त्यासाठी शिरांचा वेगळा स्कॅन लागतो. गोळी घेतली होती किंवा महिन्यापूर्वी बाळंतपण झालं, हे न विचारताही सांगितलं तरच डॉक्टर तो स्कॅन सांगतील.

कोसळणाऱ्या वेदनेशिवायही काही डोकेदुखी थेट रुग्णालयात न्यायची असते. ताप आणि आखडलेली मान, तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं, आकडी, शुद्धीत फरक, गरोदरपणात वाढलेला रक्तदाब, डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारं दुखणं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना आलेलं दुखणं. उन्हातून आलेला माणूस बरळत असेल आणि अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात आहे. त्याचं अंग गार करत करतच त्याला न्यायचं, पन्ह्याची वाट पाहायची नाही.

नागपूर गाठण्याआधी

गडचिरोलीपासून नागपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ, पलीकडे बालाघाट, छिंदवाडा, सगळीकडून गंभीर रुग्ण नागपुरात येतो, आणि “एकदम नागपूरलाच नेऊ” हा विचार स्वाभाविक वाटतो. या आजारात तो नेहमी बरोबर नसतो. प्रवासात सहा तास गेले तर सीटी स्कॅनचा सर्वांत विश्वासू काळ गाडीतच संपतो, आणि वाटेत फुगा पुन्हा फुटला तर रक्तदाब सांभाळणारं कुणी नसतं. जिथे चोवीस तास सीटी स्कॅन चालतो ते सगळ्यात जवळचं मोठं रुग्णालय आधी गाठावं. चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. निदान झालं, रक्तदाब आटोक्यात आला, की स्कॅनची प्रत घेऊन न्यूरोसर्जरी असलेल्या रुग्णालयात हलवता येतं आणि तिथे आधी फोन जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे, त्यामुळे रेशनकार्ड आणि आधार निघतानाच घ्यावं. पण कागद सापडेना म्हणून निघणं थांबवू नये. कागद मागून कुणीतरी आणू शकतं.

घरात हे सगळं ऐन वेळी आठवत नाही. म्हणून तीन गोष्टी आधीच ठरवून ठेवता येतात: आपल्यापासून जवळ, रात्री दोन वाजताही सीटी स्कॅन सुरू असणारं रुग्णालय कोणतं, गाडी कोण काढणार, आणि घरातल्या रक्तदाबाच्या गोळ्या कोण मोजणार. शेवटची गोष्ट सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात उपयोगी आहे, कारण बंद पडलेली गोळी पुन्हा सुरू झाली तर काही फुगे फुटतच नाहीत.

उरलेल्यांसाठी नियम एवढाच. दुखणं एका मिनिटात शिगेला गेलं असेल तर घड्याळ पाहा, वेळ लिहा आणि निघा. बाम लावून पाहण्याचा अर्धा तास या एका डोकेदुखीला द्यायचा नाही. स्कॅन साफ निघाला तर दुपारी घरी येऊन चकल्या तळता येतील. तपासणीला नेऊन उगाच त्रास घेतला, असं त्या दिवशी कुणी म्हटलं तर म्हणू द्या.